पित्ताशयाची कळ की पित्ताशयाची सूज?

आमच्या शाळेतल्या एका बाईंना जेवणानंतर अधूनमधून उजव्या बरगडीखाली जोराची कळ यायची. दोन-तीन तासांत थांबायची, म्हणून त्या 'पित्त झालंय' म्हणून सोडून द्यायच्या. खरं तर पित्ताशयातला खडा नळीच्या तोंडाशी अडकायचा आणि परत मागे सरकायचा. ही नुसती कळ. यात ताप नसतो. खड्यांचं ऑपरेशन सवडीने तारीख ठरवून करता येतं.

एकदा मात्र रात्री नऊला सुरू झालेलं दुखणं सकाळपर्यंत थांबलंच नाही, अंगात १०१ ताप. सहा तासांच्या वर सलग दुखलं की सूज आल्याची शंका घ्यायची. डॉक्टरांनी बरगडीखाली बोटं दाबून खोल श्वास घ्यायला सांगितलं, तर श्वास अर्ध्यातच अडकला. सोनोग्राफीत खडा अडकलेला, पित्ताशयाची भिंत जाड, भोवती पाणी.

घरचे म्हणाले, "ताप जाऊ दे, महिनाभराने बघू." (आपल्याकडे हे हमखास!) सर्जन तयार होईनात. पहिल्या तीनेक दिवसांत सुजेमुळे भाग ओला, सैल असतो, थर सुटतात. आठ-दहा दिवसांनी सगळं चिकटतं आणि मुख्य पित्तनलिकेला इजा व्हायची भीती वाढते. मग साधारण सहा आठवडे थांबायचं, आणि तेवढ्यात दुखणं उलटू शकतं. भूल झेपणार नाही अशा पेशंटला आधी त्वचेतून नळी घालून पित्त काढतात.

बाईंना सलाईन, अँटिबायोटिक देऊन दुसऱ्या दिवशी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं.