मूत्रपिंडाचा गैरसमज आणि थकलेलं हृदय

मे महिन्यात आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईच्या अंगातून घामावाटे भरपूर पाणी आणि मीठ जातं. अंगात रक्ताचं प्रमाण घटतं. शरीर लगेच तीन कामं करतं: हृदयाचे ठोके वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं आणि मूत्रपिंडाकडून मीठ-पाणी धरून ठेवतं. म्हणून लघवी कमी आणि गडद होते. सावलीत बसून पाणी प्यायल्यावर काही तासांत सगळं पूर्ववत होतं. ही तीन कामं तिचा जीव सांभाळतात.

आता समजा, बल्लारपूरची पन्नाशीतली एक मावशी आहे. तिला बारा वर्षांपासून बीपी आहे आणि गोळ्या ती कधी घेते, कधी सोडते. तिचं हृदय कमजोर झालं आहे, त्यामुळे ते रक्त कमी ढकलतं. मूत्रपिंडाला एवढंच कळतं, की आपल्याकडे रक्त कमी येतंय. पाणी आटलं की हृदय थकलं, हे त्याला ओळखता येत नाही. म्हणून तीच तीन कामं सुरू होतात.

सुरुवातीला फायदा होतो. जास्त रक्त भरलं की हृदय ताणलं जातं आणि ताणामुळे जोरात आकसतं. मावशीची कामं चालू राहतात. पण इथे काही तासांत थांबणारं काही नसतं, हे महिनोन्‌महिने चालतं. आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलायला हृदयाला जास्त जोर लागतो. ठोके वाढल्यानं त्याला विसावा मिळत नाही. सततच्या ताणानं ते फुगत जातं, त्याचे स्नायू झिजतात आणि त्यात वण तयार होतात. जिरत नसलेलं पाणी पायांत आणि फुप्फुसांत साचतं. मावशीचं वजन तीन आठवड्यांत ५२ वरून ५६ किलो होतं. ही चरबी नाही, जवळपास चार लिटर पाणी आहे. मग तिला दोन उशांशिवाय झोप येत नाही.

म्हणून डॉक्टर जी औषधं देतात, त्यातली बरीच याच तीन कामांना आवरतात. फ्युरोसेमाइड साचलेलं पाणी काढतं, एनालाप्रिल वाहिन्या सैल करतं आणि मेटोप्रोलॉल ठोके कमी करतं. मेटोप्रोलॉल पाणी उतरल्यावर अगदी थोड्या मात्रेनं सुरू करतात, कारण एकदम जास्त दिलं तर कमजोर हृदयाचा आधारच निघून जातो. सूज उतरली म्हणून गोळ्या बंद केल्या, तर मूत्रपिंडाचा गैरसमज पुन्हा सुरू होतो.

घरी रोज सकाळी लघवीनंतर, खाण्याआधी वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच दवाखान्यात जा. पापड, लोणचं, सुकी मासळी कमी करा. उन्हाळ्यात उलटी-जुलाब लागले तर मात्र शरीर खरंच आटलेलं असतं. तेव्हा गोळ्यांचं काय करायचं, ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.