टीप लिहा : निजामी राजवटीतील प्रचार, निर्बंध व शिक्षणावरील ताबा

सर्वंकष सत्ता स्वतःचा प्रचार करते, विरोधी मत दडपते आणि शाळा ताब्यात ठेवते. १९४८ पूर्वी आपला परभणी जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, ते राज्य राजेशाहीचे होते. तरीही ही तिन्ही साधने तेथे दिसतात.

(१) निर्बंध : ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमाने जाहीर सभेस पूर्वपरवानगी सक्तीची झाली. त्यामुळे वक्त्यावर खटला भरण्याची गरजच उरेना; परवानगी नाकारली की काम भागे.

(२) शिक्षण : १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी घरातील मुलास विषयाआधी भाषा शिकावी लागे. साहजिकच पुष्कळजण मागे पडत. १९३८ साली वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले.

(३) प्रचार व दहशत : रझाकारांचा नेता कासिम रझवी जहाल भाषणांतून स्वतंत्र हैदराबादचा प्रचार करी. उलट, भारतात विलीनीकरणाची बाजू मांडणारे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्लाखान यांचा २२ ऑगस्ट १९४८ रोजी खून झाला. म्हणजे दडपशाही केवळ एका भाषेविरुद्ध वा धर्माविरुद्ध नव्हती. ती विरोधी मताविरुद्ध होती.

मर्यादा : संस्थानाचा हुकूम सरहद्दीपर्यंतच चाले. काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. त्यांच्यापैकीच एक, पी. व्ही. नरसिंह राव, १९९१ साली भारताचे पंतप्रधान झाले.