शीतटाकीतील दूध वेळेवर थंड होत नसल्यास तंत्रज्ञास पत्र कसे लिहावे

धारोष्ण दूध सुमारे ३५ अंश सेल्सिअस तपमानाचे असते. दोन वेळचे दूध साठविणाऱ्या टाकीत एका वेळचे, म्हणजे निम्म्या क्षमतेइतके, दूध साधारणतः तीन तासांत ४ अंशांपर्यंत उतरावे अशी अपेक्षा असते. याहून फार विलंब लागल्यास जंतू वाढतात, आणि सकाळी संकलन केंद्रावर दूध तापविताच नासून ते नाकारले जाण्याचा संभव असतो. अशा वेळी “टाकी बिघडली आहे, लवकर यावे” एवढेच कळविल्याने तंत्रज्ञास काहीच बोध होत नाही. एका लहान दुग्धव्यावसायिकाचे पुढील पत्र नमुन्यादाखल पाहावे.

“सा. न. वि. वि. आमची टाकी ५०० लिटरची आहे. काल सायंकाळी साडेसात वाजता २४० लिटर दूध ओतले. तपमान साडेसातला ३४ अंश, साडेनऊला २१, साडेअकराला ११ व रात्री एकला ४ अंश होते. प्रत्येक वेळी दूध ढवळून मगच मोजले. तपमापक बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवितो. ढवळणी नीट फिरते. कॉम्प्रेसर अखंड चालू होता. कंडेन्सरची जाळी व तिच्या नळ्या हात लावू देत नाहीत इतक्या तापतात. गेल्या महिन्यात कडबाकुट्टी शेजारच्या पडवीत आणली आहे. काय करावे ते कळवावे.”

या पत्रात निदानाची सर्व सामग्री आहे. दूध क्षमतेहून अधिक नव्हते; ढवळणी व तपमापक निर्दोष होते. दुधातून काढलेली उष्णता कंडेन्सरवाटे बाहेरच्या हवेत जावयास हवी. ती तेथेच कोंडली, म्हणून जाळी अतिशय तापली. कडबाकुट्टीच्या उल्लेखाने कारणही उघड होते: कडब्याचा बारीक भुसा जाळीच्या पत्र्यांत बसून वाऱ्याची वाट बंद झाली असावी.

यावर उपाय मालकास स्वतः करता येतो. प्रथम मुख्य विजेचा खटका बंद करावा. नंतर मऊ ब्रशने पत्र्यांच्या उभ्या दिशेने भुसा झाडावा; आडवा ब्रश फिरविल्यास पातळ पत्रे वाकतात. कुट्टी दूर हलवावी आणि गरम हवेस बाहेर पडण्यास भिंतीपाशी मोकळी जागा ठेवावी. त्याच सायंकाळी तेवढ्याच दुधाची नोंद पुन्हा घ्यावी. वेळ तीन तासांच्या आसपास आला, तर दोष तोच होता.

मात्र कॉम्प्रेसर अखंड चालूनही कंडेन्सर जेमतेम कोमट असेल, तर गॅस कमी झाल्याचा संशय घ्यावा. तेथे मालकाने हात घालू नये. गळती शोधून बुजविल्यावाचून नुसता गॅस भरल्यास तो पुन्हा निघून जातो. म्हणून पत्रात कंडेन्सर तप्त आहे की कोमट, हे अवश्य लिहावे. तंत्रज्ञाने सोबत कोणते साहित्य आणावे, हे त्यावरूनच ठरते.