पशुखाद्याचा हिशेब : मिश्रण बदलले की उतारा बदलला?



उसाचा उतारा म्हणजे काय हे आपणांस सांगायला नको. शंभर क्विंटल ऊस गाळला आणि साखर किती निघाली, हे आपण रोज फळ्यावर वाचतो. पण उसात ऊसच असतो. त्यात दुसरे काही मिसळून भागत नाही. पशुखाद्याचे तसे नाही. मका महागला तर कोंडा वाढवता येतो, पेंड महागली तर तीही कमी करता येते. म्हणून तेथे एका उताऱ्याने भागत नाही. मिश्रणातील तफावत आणि उताऱ्यातील तफावत असे दोन हिशेब वेगवेगळे मांडावे लागतात. ते कसे मांडायचे, हे एका उदाहरणावरून पाहू. सोयीसाठी तीनच जिन्नस घेतले असून दरही हिशेबाला सोपे असे धरले आहेत.

शंभर क्विंटल मालाचे ठरलेले मिश्रण असे : मका ४० क्विंटल, दर २,००० रुपये, सोयाबीन पेंड ३० क्विंटल, दर ४,००० रुपये, गव्हाचा कोंडा ३० क्विंटल, दर १,५०० रुपये. एकूण किंमत २,४५,००० रुपये. दळताना धूळ उडते, थोडा ओलावा जातो, म्हणून २ क्विंटल घट धरली. तयार खाद्य ९८ क्विंटल, म्हणजे क्विंटलला २,५०० रुपये खर्च पडला.

आता एका पाळीत प्रत्यक्षात काय झाले ते बघा. मका ४० क्विंटलच घातला, पण पेंड २० वर आणली आणि कोंडा ४० वर नेला. खाद्य निघाले ९६ क्विंटल.

पहिला हिशेब मिश्रणाचा. दर ठरलेलेच धरायचे, म्हणजे बाजारभावाची चढउतार यात मिसळत नाही. तिचा हिशेब खरेदीकडे वेगळा. नव्या मिश्रणाची किंमत ८०,००० अधिक ८०,००० अधिक ६०,०००, म्हणजे २,२०,००० रुपये झाली. ठरलेल्या मिश्रणापेक्षा ती २५,००० रुपयांनी कमी. ही मिश्रणातील अनुकूल तफावत.

दुसरा हिशेब उताऱ्याचा. १०० क्विंटलमागे ९८ निघायला हवे होते, निघाले ९६. दोन क्विंटल कमी, गुणिले २,५०० म्हणजे ५,००० रुपये. ही उताऱ्यातील प्रतिकूल तफावत. दोन्ही मिळून २०,००० रुपये वाचले. ताळा करून पाहा : ९६ क्विंटल खाद्याला २,४०,००० खर्च अपेक्षित होता, झाला २,२०,०००. हिशेब जुळतो.

मग शाबासकी द्यायची का? जरा थांबा. मक्यात ९ टक्के, सोयाबीन पेंडीत ४५ टक्के आणि कोंड्यात १५ टक्के प्रथिने धरली, तर ठरलेल्या मिश्रणात २१.६ टक्के प्रथिने येतात. बदललेल्या मिश्रणात ती १८.६ वर उतरतात. पिशवीवर किमान २० टक्के छापले असेल, तर ही वीस हजारांची बचत आपल्याच गाईच्या गव्हाणीतून काढलेली आहे. हिशेबाच्या वहीत ती नफा म्हणून दिसेल. गोठ्यात ती दूध घटल्यावर कळेल. म्हणून मिश्रणातील तफावत अनुकूल दिसली की तिच्याशेजारी प्रयोगशाळेचा प्रथिनांचा आकडा मागावा. तो मर्यादेत असेल तरच बचत खरी.

उताऱ्याच्या तुटीचेही तसेच. दोन क्विंटल कमी आले म्हणून लगेच चक्कीवरच्या माणसाला दोष देऊ नये. ठरलेली घट १२ टक्के ओलाव्याच्या मक्यावर बसवलेली असेल आणि मका १४ टक्के ओला आला असेल, तर ४० क्विंटल मका १२ टक्क्यांवर वाळताच सुमारे ९१ किलो वजन हवेत जाते. म्हणजे जवळजवळ निम्मी तूट खरेदीच्या वेळी पाणी तोलून घेतल्याची. उरलेल्या तुटीसाठी धूळ पकडणारी पिशवी फाटली आहे का, चाळणीखाली सांड किती आहे, हे पाहावे. हलका कोंडा वाढला की धूळही वाढते. तेव्हा मिश्रण बदलणाऱ्याच्या निर्णयाचा काही भाग उताऱ्याच्या खात्यात येऊन बसलेला असतो. दोन्ही तफावती एकत्र वाचायच्या त्या यासाठीच.

आणखी एक मर्यादा. पेंडीचा बाजारभाव कायमचा उतरला आणि आपण जुनाच ठरलेला दर धरून बसलो, तर पेंड कमी केल्याची बचत कागदावर फुगून दिसते. म्हणून ठरलेले दर आणि ठरलेले मिश्रण दोन्ही वेळोवेळी तपासून घ्यावे लागतात.

वार्षिक सभेत पशुखाद्याचा खर्च घटला असे वाचले, की तीन आकडे विचारावेत : मिश्रणातून किती वाचले, उताऱ्यात किती गेले आणि प्रथिने किती राहिली. तिन्ही एकत्र मिळाले नाहीत, तर बचत झाली असे धरू नये.