तीन आठवड्यांवरील स्वरभेद : दिवस कोठून मोजावेत?



घसा बसलेला रुग्ण ही आपल्या वऱ्हाडातील नित्याची बाब आहे. कार्तिकातील काकडा, माघ-फाल्गुनातील सप्ताह, कापसाच्या हंगामातील धूळ आणि लग्नसराईतील आरडाओरड यांमुळे दर्यापूर परिसरातील कोणत्याही दवाखान्यात वर्षभर असे रुग्ण येत असतात. यांतील बहुसंख्य आठ-दहा दिवसांत बरे होतात आणि म्हणूनच जो बरा होत नाही तो आपल्या नजरेतून निसटतो. प्रस्तुत लेखात माझ्याच दवाखान्यातील एका रुग्णाचे वृत्त देत आहे. त्यात चूक माझी आहे आणि ती औषधयोजनेची नसून दिवस मोजण्याची आहे.

रुग्णवृत्त

रुग्ण पुरुष, वय ५६ वर्षे, व्यवसाय शेती, गावच्या भजनी मंडळात पुढे गाणारा. तीस वर्षांपासून बिडी, अलीकडे त्यासोबत खर्रा. कार्तिक वद्य पक्षात तो माझ्याकडे आला. आवाज खरखरीत व जड होता. ज्वर नव्हता, घशात वेदना नव्हती, गिळण्यास त्रास नव्हता. ‘किती दिवसांपासून?’ असे विचारता ‘आठ दिवस झाले’ असे त्याने सांगितले. मी केसपेपरवर ‘स्वरभेद, ८ दिवस’ असे लिहिले. जीभ दाबून टॉर्चने पाहिले असता घसा किंचित लाल दिसला. अतिभाषणजन्य वात-कफप्रधान स्वरभेद असे निदान करून यष्टिमधु व सितोपलादि चूर्ण मधासह, चघळण्यास खदिरादि वटी आणि भजन बंद, अशी योजना पंधरा दिवसांसाठी केली.

पंधरा दिवसांनी तो म्हणाला, ‘चार आणे फरक आहे.’ मी तीच औषधे आणखी पंधरा दिवस दिली. तिसऱ्या भेटीस त्याची पत्नी सोबत होती. आवाज पुन्हा पूर्ववत खरखरीत झाला होता. ती सहज म्हणाली, ‘दिवाळीच्या पाडव्यापासूनच यायचा आवाज असा झाला, डॉक्टरसाहेब.’ तेव्हा मी प्रथम नीट हिशेब मांडला. पाडव्याला आवाज बदलला. काकड्याची समाप्ती कार्तिकी पौर्णिमेस, म्हणजे तेथपर्यंत पंधरा दिवस तो त्याच आवाजात गात राहिला. त्यानंतर आठ दिवस औषधांच्या दुकानातून चघळण्याच्या गोळ्या आणि पाच दिवसांचे प्रतिजैविक घेतले. रुग्णाने मला सांगितलेले ‘आठ दिवस’ हे काकडा संपल्यानंतरचे होते. त्यावर माझे तीस दिवस. एकूण त्रेपन्न दिवस झाले होते आणि या काळात स्वरयंत्र एकदाही कोणी पाहिलेले नव्हते.

त्याच दिवशी चिठ्ठी देऊन त्यास अमरावतीस कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठविले. पाच दिवसांनी तपासणी झाली. डाव्या स्वररज्जूवर खडबडीत पांढरट वाढ दिसली. तुकडा काढून केलेल्या तपासणीत कर्करोग निश्चित झाला. सुदैवाने तो एकाच स्वररज्जूपुरता मर्यादित होता आणि रज्जूची हालचाल शाबूत होती. नागपूर येथे सुमारे सहा आठवडे किरणोपचार झाले. आज रुग्ण बरा आहे. आवाज थोडा जाड राहिला, परंतु स्वतःचा राहिला.

चूक कोठे झाली?

दुकानदाराने दिवस पहिल्या गोळीपासून मोजले, मी पहिल्या केसपेपरपासून मोजले आणि रुग्णाने काकडा संपल्यापासून मोजले. प्रत्येकाच्या हिशेबाने काळ थोडाच होता. म्हणून पहिला नियम असा ठेवावा की दिवस आवाज बदलला त्या दिवसापासूनच मोजायचे. वैद्य बदलला, औषध बदलले किंवा दुकान बदलले तरी मोजणी पुन्हा एकपासून सुरू होत नाही. रुग्णास ‘किती दिवस?’ असे न विचारता ‘आवाज शेवटचा चांगला कधी होता?’ असे विचारावे आणि उत्तर पाडवा, पोळा, संक्रांत, गावची यात्रा अशा ठरावीक दिवसाशी जोडून घ्यावे. शक्य असल्यास घरच्या माणसासही विचारावे. आवाजातील बदल स्वतःपेक्षा ऐकणाऱ्यास आधी कळतो.

दुसरी फसवणूक ‘चार आणे फरक’ या शब्दांत होती. भजन थांबले व बिडी कमी झाली की गाठीभोवतीची सूज उतरते आणि आवाज काही काळ सुधारतो, मूळ विकृती मात्र तेथेच राहते. म्हणून अर्धवट सुधारणा हा उपशय मानून मुदत वाढवू नये. तीन आठवड्यांनी आवाज पूर्ण पूर्ववत झाला का, एवढाच प्रश्न विचारावा.

तिसरी चूक तपासणीची. जीभ दाबून टॉर्चने जे दिसते तो घशाचा मागील भाग होय. स्वररज्जू त्याच्या खाली, जिभेच्या मुळामागे असतात. त्या या पद्धतीने दिसतच नाहीत. ‘घसा पाहिला, काही नाही’ या वाक्याने रुग्ण निर्धास्त होतो आणि आपणही होतो.

शास्त्राधार

सुश्रुतांनी उत्तरतंत्रात वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक, क्षयज व मेदोज असे स्वरभेदाचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि असाध्यत्वाच्या विचारात क्षीण, वृद्ध व कृश रुग्णांसोबत चिरोत्थित, म्हणजे दीर्घकाळ टिकलेल्या स्वरभेदाचाही उल्लेख केला आहे. काळ हा साध्यासाध्यतेचा निकष असल्याचे आपल्या संहितेतच आहे. चरकांनी राजयक्ष्म्याच्या एकादश रूपांत स्वरभेद गणला आहे. आजही ही संगती व्यवहारात भेटते. स्वरभेदासोबत दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळी ज्वर किंवा वजन घटणे असल्यास शासकीय रुग्णालयात थुंकीची तपासणी अवश्य करवावी. ती विनामूल्य होते. स्वरयंत्राचा क्षय सांसर्गिक असतो आणि अशा रुग्णास केवळ सूज उतरविण्यासाठी स्टेरॉइड दिल्यास रोग बळावतो.

घरचा स्वरसंयम

पहिल्या तीन आठवड्यांत, धोक्याचे लक्षण नसल्यास, घरी विश्रांती देणे योग्यच आहे. साधा स्वरयंत्रशोथ बहुधा एक ते दोन आठवड्यांत शमतो. परंतु ‘कमी बोला’ एवढे सांगून भागत नाही. आवाज अगदी फुटला असल्यास पहिले दोन-तीन दिवस शक्य तितके मौन ठेवावे. पुढे हातभर अंतरावरील माणसास ऐकू जाईल इतक्याच सहज, हलक्या आवाजात, थोडी वाक्ये बोलावीत. कुजबुजणे टाळावे, रुग्ण त्यास विश्रांती समजतात, पण अनेकांच्या स्वरयंत्रावर त्याने अधिक ताण पडतो. वारंवार खाकरण्यानेही स्वररज्जू एकमेकींवर आपटतात. खाकरावेसे वाटल्यास घोटभर पाणी प्यावे. शेतात दुरून हाक मारणे, मळणीयंत्राजवळ बोलणे व गाणे पूर्ण बंद ठेवावे. बिडी, खर्रा व चुलीचा धूर वर्ज्य. रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी तीन तास आधी घ्यावे.

साध्या गरम पाण्याची वाफ दिवसातून दोनदा, पाच-सात मिनिटे घ्यावी. भांडे स्थिर जागी ठेवावे. लेकराबाळांच्या घरात भाजण्याचे प्रसंग घडतात. गुळण्यांनी घशास आराम वाटतो, परंतु गुळणीचे पाणी स्वररज्जूंपर्यंत पोहोचत नाही. पोहोचले तर ठसका लागेल. म्हणून गुळण्यांना मुख्य चिकित्सा समजू नये.

यष्टिमधुविषयी एक सूचना. चूर्ण दिवसास २ ते ४ ग्रॅम या मात्रेत थोडे दिवस देणे सर्वसाधारण रुग्णास मानवते. परंतु अधिक मात्रेत किंवा आठवडेच्या आठवडे दिल्यास त्याने रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा वृक्काचा रुग्ण आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणारा रुग्ण यांना ते टाळावे. दुकानातून ज्येष्ठमधाची पूड व कांड्या नेणाऱ्यास रक्तदाबाविषयी विचारावे.

तपासणी केव्हा व कशी?

आवाज बदलून तीन आठवडे झाले आणि तो पूर्ववत नाही, तर स्वरयंत्र पाहिलेच पाहिजे. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत ही मर्यादा चार आठवड्यांची आहे आणि गंभीर कारणाची शंका असल्यास मुदत न पाहता तपासणी करावी असे म्हटले आहे. स्वरयंत्र न पाहता केवळ आवाज बसला म्हणून प्रतिजैविके वा स्टेरॉइड सरसकट देऊ नयेत, असेही त्यात स्पष्ट आहे. आपल्याकडे तंबाखूचे प्रमाण आणि तज्ज्ञांपर्यंत पोहोचण्यास लागणारे दिवस ध्यानी घेता तीन आठवडे हीच सीमा मी पाळतो.

पुढील लक्षणांत तीन आठवडेही थांबू नये : श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज किंवा दम लागणे (हा रुग्ण त्याच क्षणी रुग्णालयात पाठवावा), थुंकीतून रक्त, मानेत गाठ, गिळताना अडथळा, एका कानात शिरणारी घशाची वेदना, वजन घटणे, मानेच्या शस्त्रक्रियेनंतर बदललेला आवाज, तसेच ओरडताना वा गाताना एकाएकी गेलेला आवाज. आवाज हवा निसटल्यासारखा फुसका झाला असेल आणि पाणी पिताना ठसका लागत असेल, तर स्वररज्जूची नाडी दुर्बल झाल्याची शंका घ्यावी. डावी नाडी छातीत महाधमनीस वळसा घालून वर येते. त्यामुळे फुप्फुसातील गाठही प्रथम आवाजातून बोलू शकते.

रुग्णास तपासणीचे भय असते, म्हणून ती आधीच समजावून सांगावी. कोमट केलेला छोटा आरसा घशात धरून रुग्णास ‘ई’ म्हणावयास लावतात, किंवा नाकात बधिर करणारे औषध देऊन बारीक लवचीक दुर्बीण घालतात. काम काही मिनिटांत होते, भरती व्हावे लागत नाही. अमरावती किंवा अकोला येथे जाऊन त्याच दिवशी परतता येते. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ हा समज ठामपणे खोडून काढावा. एकाच स्वररज्जूपुरता असलेला कर्करोग दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत बरा होतो. स्वररज्जूत लसवाहिन्या विरळ असल्याने तो तेथे बराच काळ मर्यादित राहतो. हीच मुदत आपण गोळ्या बदलण्यात घालवितो.

चिठ्ठीत ‘घसा तपासणे’ एवढेच न लिहिता असे लिहावे : ‘वय ५६, बिडी ३० वर्षे. दिवाळी पाडव्यापासून आवाज खरखरीत, आज ५३ वा दिवस. गिळणे व श्वास ठीक, मानेत गाठ नाही. एक प्रतिजैविक व एक महिना आयुर्वेदीय चिकित्सा झाली, पूर्ण उपशय नाही. स्वरयंत्रदर्शन व्हावे.’ आठवड्याने रुग्ण गेला की नाही, याची फोनवर चौकशी करावी.

औषधविक्रेत्यांना विनंती अशी की आवाजासाठी दुसऱ्यांदा गोळ्या मागणाऱ्यास तारीख विचारावी आणि तीन आठवडे उलटले असल्यास गोळ्यांऐवजी तपासणीचा मार्ग दाखवावा. दम्याचा पंप वापरणाऱ्यासही आवाज बसतो. त्यास प्रत्येक वेळी चूळ भरण्यास सांगावे, पंप परस्पर बंद करू नये आणि तीन आठवड्यांचा नियम त्यालाही लावावा.

माझ्या केसपेपरवर आता ‘किती दिवस’ हा रकाना नाही. तेथे ‘आवाज शेवटचा चांगला कधी’ असे छापून घेतले आहे आणि त्याखाली तीन आठवडे पूर्ण होण्याची तारीख पहिल्याच भेटीत लिहून ठेवतो.