भाजणीच्या खात्याचे पहिले नव्वद दिवस

समजा, पुण्यात कोथरूडला राहून घरची थालीपिठाची भाजणी विकायची आहे. इन्स्टाग्रामवर खातं आजच उघडलंय, फॉलोअर शून्य आणि जाहिरातीला पैसेही शून्य. शक्य असेल तर वैशाखाच्या सुरुवातीला सुरुवात करावी, म्हणजे नव्वद दिवस श्रावणाच्या तोंडाशी संपतात आणि उपवासाच्या भाजणीची मागणी आयती मिळते.

पहिला आठवडा काहीही टाकू नका, खातं नीट लावा. सेटिंगमध्ये जाऊन ते प्रोफेशनल करा, त्याला पैसे पडत नाहीत. नावाच्या रकान्यात नुसतं 'अन्नपूर्णा' लिहिलं तर शोधणाऱ्याला तुम्ही सापडणार नाही. 'थालीपीठ भाजणी, कोथरूड पुणे' असं लिहा, कारण इन्स्टाग्रामच्या शोधात हा रकाना धरला जातो. खालच्या परिचयाला १५० अक्षरांची मर्यादा आहे. त्यात काय विकता, कुठे पोहोचवता आणि अर्ध्या किलोचा भाव, एवढंच बसवा. लिंकच्या जागी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा दुवा द्या: wa.me/91 आणि त्याला जोडून आपला दहा आकडी नंबर, मध्ये जागा न सोडता. खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. तिचा चौदा आकडी क्रमांक पाकिटावर आधी छापून घ्या, मगच पाकिटाचे फोटो काढा.

भाव लपवून 'मेसेज करा' म्हणायची एक खोड सगळीकडे पसरली आहे. ती उचलू नका. भाव विचारायला संकोच वाटणारं गिऱ्हाईक मेसेज न करता पुढे सरकतं.

पुढचे तीन आठवडे फळी भरायची. नऊ व्हिडिओ पुरे, आठवड्याला तीन. विषय गिऱ्हाइकाच्या अडचणीतून घ्या: थालीपीठ तव्याला का चिकटतं, थापताना कडा का फाटतात, धान्यं एकत्र न भाजता वेगवेगळी का भाजायची. शेवटच्याचं उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे: तांदूळ, बाजरी, हरभऱ्याची डाळ आणि धणे भाजायला सारखा वेळ घेत नाहीत. धणे करपेपर्यंत डाळ कच्चीच राहते. हेच कढईत दाखवा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत अडचण दिसली पाहिजे, नमस्कार आणि ओळख नको. बिझनेस खात्याला बहुतेक गाजलेली सिनेगीतं वापरता येत नाहीत, त्यामुळे 'ट्रेंडिंग गाणं लावा' हा सल्ला इथे फारसा लागू नाही. कढईतला आवाज आणि तुमचं बोलणं चालेल. भाव व पोहोचवण्याचा भाग सांगणाऱ्या पोस्टसह तीन पोस्ट वर पिन करून ठेवा.

दुसरा महिना सगळ्यात महत्त्वाचा. शून्य फॉलोअरच्या खात्याला स्वतःचा प्रेक्षक नसतो, तो शेजाऱ्याकडून उसना आणावा लागतो. आपल्याच भागात घरचं लोणी किंवा दही विकणारं छोटं खातं शोधा, पाच-सातशे फॉलोअरवालं. मोठ्या फूड ब्लॉगरच्या मागे लागू नका, ते पैसे मागतील आणि त्यांचे प्रेक्षक दहा शहरांत विखुरलेले असतील. लोणीवाल्या ताईंच्या पोस्टखाली आधी काही दिवस मन लावून प्रतिक्रिया द्या, मग त्यांना विचारा: "तुमचं लोणी, माझं थालीपीठ, एकच व्हिडिओ करूया का?" पोस्ट टाकताना 'कोलॅब'साठी त्यांना निमंत्रण द्या. त्यांनी ते स्वीकारलं की तीच पोस्ट दोन्ही खात्यांवर दिसते. महिन्याला अशा तीन जोड्या जमल्या तरी खूप.

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा: कोणी विचारलं, कुठे पाहिलं, घेतलं का, पुन्हा घेतलं का. साठाव्या दिवशी ती इन्साइट्सच्या शेजारी उघडून बसा. फॉलो न करणारे लोक व्हिडिओ पाहतायत पण विचारणा नाही, तर भाव, गाव किंवा दुवा कुठेतरी अस्पष्ट आहे. विचारणा होते पण विक्री नाही, तर बहुधा पोहोचवण्याचा खर्च आड येतोय. सोसायटीवार एकच दिवस ठरवून ऑर्डरी एकत्र द्या. एकदा घेतात आणि परतत नाहीत, तर इन्स्टाग्राम सोडा, भाजणी चाखून पाहा. नातेवाइकांच्या लाइक या हिशेबात धरू नका.

तिसऱ्या महिन्यात नवं काही शोधायचं नाही. ज्या दोन-तीन व्हिडिओंतून खरोखर ऑर्डरी आल्या, त्यांचीच रूपं बदलून करा, आता राजगिरा आणि वरीच्या उपवासाच्या भाजणीवर. जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून कळवा. मात्र त्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला नसेल तर तो संदेश पोहोचतच नाही, म्हणून प्रत्येक पाकिटात 'नंबर सेव्ह करा' अशी चिठ्ठी घाला.

नव्वदाव्या दिवशी दोनशेच फॉलोअर असतील, पण पंचवीस घरं दुसऱ्यांदा मागवत असतील, तर खातं चांगलं चाललंय. मधल्या काळात फॉलोअर विकणाऱ्यांचे मेसेज येतील, त्यांना उत्तर देऊ नका. ती खाती भाजणी घेत नाहीत, आणि तुमच्या इन्साइट्समधले आकडे मात्र कायमचे खोटे करून ठेवतात.