कलप सहा आठवडे टिकतो, पण कुठे?

मी वापरते तो कलप क्रीमचा, अमोनिया नसलेला, काळ्या रंगाचा. खोक्यावर सहा आठवड्यांची हमी आहे. मागच्या केसांवर ती खरी ठरली. कानशिलांवर मात्र दुसऱ्या आठवड्यातच रंग पातळ दिसू लागला. तिथले पांढरे केस राठ असतात, रंग सहज आत घेत नाहीत. अमोनियाला उग्र वास असतो, पण केसाचं वरचं कवच तो नीट उघडतो. त्याच्याऐवजी घातलेली द्रव्यं हे काम जरा हलक्या हाताने करतात. डोळ्यांना झोंबलं नाही, त्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

उन्हात उभं राहिलं की उरलेल्या काळ्या केसांवर तांबूस झाक दिसते. कलपातलं पेरॉक्साइड मूळचा काळा रंगही थोडा फिका करतं. वरचा रंग धुपला की ते उघडं पडतं. डोक्यावरून रोज शांपू फिरवला तर हे लवकर होतं.

भांगातली पांढरी रेघ ही वेगळी गोष्ट, तिचा दोष कंपनीला देता येणार नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तिसऱ्या आठवड्यापर्यंत सहा-सात मिलिमीटर पांढरं दिसणारच.

खोक्यातला कागद दर वेळी सगळ्या केसांना लावायला सांगतो. तसं दोन-तीनदा केलं की टोकांवर रंगाचे थर चढतात आणि केस टोपासारखे काळेकुट्ट, निस्तेज दिसतात. म्हणून आता टच-अपला मी अर्धीच ट्यूब घेते, डेव्हलपर कागदावरच्याच प्रमाणात, आणि प्लास्टिकच्या वाटीत कालवते. धातूची वाटी नको. आधी कानशिलं, मग भांग, ब्रशने फक्त नव्या वाढीवर. कागदावरची वेळ पुरी होत आली की शेवटची पाच मिनिटं ओल्या हाताने तोच रंग खाली ओढायचा, तोही लांबी फिकी वाटली तरच. कालवलेला रंग उरला तर टाकून द्या. बाटलीत बंद करून ठेवलात तर आत वायू साठून ती फुटू शकते.

वर्षानुवर्षं सोसलेला कलपही एखाद्या दिवशी सोसत नाही. त्यातल्या पीपीडी या द्रव्याची ॲलर्जी उशिराही उद्भवते. म्हणून कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबायचं, दर वेळी. खाज आली, लाली किंवा सूज दिसली, तर तो कलप डोक्याला लावायचाच नाही. 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुड्यांतही पुष्कळदा हेच पीपीडी असतं, तेव्हा त्यांनाही ही चाचणी चुकत नाही.

पुढचं खोकं याच कंपनीचं घेईन, पण काळ्याऐवजी गडद तपकिरी. पांढऱ्या मुळांशेजारी तो इतका उठून दिसत नाही, त्यामुळे टच-अप आठवडाभर तरी पुढे ढकलता येतो.